खरेदीखताच्या टेबलावर आरटीजीएसच

प्रश्न: शुक्रवारी नाशिकला रिसेलच्या फ्लॅटचं खरेदीखत आहे. विक्रेत्याला शेवटचे साडेसात लाख तिथेच ट्रान्सफर करायचेत. एनईएफटी, आरटीजीएस, आयएमपीएस यांत फरक काय?

आरटीजीएस करा. 'दोन्ही एकच हो, काहीही करा' म्हणणाऱ्या एजंटांशी माझा जुना वाद आहे.

एनईएफटी दर अर्ध्या तासाच्या बॅचने जातं. समजा, तुम्ही पावणेबाराला पैसे पाठवले. ते बाराच्या बॅचमध्ये लागले, तरी पुढे समोरच्या बँकेला खात्यात जमा करायला दोन तासांची मुभा असते. म्हणजे दोनपर्यंत काही आलं नाही तरी नियमाने कोणाचंच चुकलेलं नसतं. तुम्हाला मात्र रक्कम वजा झाल्याचा मेसेज लगेच येतो आणि तुम्ही तो विक्रेत्यापुढे धरता. त्याने त्यावर सही का करावी? त्याच्या खात्यात तर काहीच दिसत नाही.

आरटीजीएसमध्ये प्रत्येक व्यवहार सुटा आणि त्याच क्षणी मिटतो, आणि समोरच्या बँकेने तो अर्ध्या तासात जमा करायचा असतो. किमान रक्कम दोन लाख, त्यामुळे तुमचं बसतं. आयएमपीएस सेकंदात जातं, पण एका वेळी पाच लाखांपर्यंतच. तुम्हाला दोन तुकडे करावे लागतील आणि खतात दोन्हींचे क्रमांक लिहावे लागतील.

'चारनंतर आरटीजीएस बंद' हेही ऐकवतील. ती वेळ शाखेच्या काउंटरची. ऑनलाइन आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून रात्री आणि सुट्टीलाही चालतं.

बहुतेकांचं घोडं अडतं ते लाभार्थी जोडण्यात. नवीन खातं जोडल्यावर अनेक बँका काही तास ते एक दिवस मोठी रक्कम पाठवू देत नाहीत. म्हणून विक्रेत्याचं खातं बुधवारीच जोडा. नेट बँकिंगची तुमची रोजची मर्यादाही त्याच दिवशी बघा. आरटीजीएसला वरची मर्यादा नसली तरी तुमच्या बँकेने तुम्हाला घातलेली असतेच, आणि ॲपवर ती बऱ्याचदा कमी असते. गुरुवारी शंभर रुपये पाठवून आले का ते विचारा. जमा होताना खाते क्रमांकच बघतात, नाव जुळवत नाहीत. म्हणून लाभार्थी जोडताना स्क्रीनवर खातेदाराचं नाव दिसतं, ते खताशी ताडून घ्या. आयएफएससीचं पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं, तिथे इंग्रजी 'ओ' टाकू नका.

विक्रेत्याचं खातं छोट्या सहकारी बँकेत असेल तर ती दुसऱ्या बँकेमार्फत जोडलेली असू शकते आणि जमा व्हायला वेळ लागतो. तसं असेल तर दुसरं खातं मागा.

व्यवहार झाला की यूटीआर क्रमांक मिळतो, आरटीजीएसचा बावीस अक्षरी. तो खतात जसाच्या तसा उतरवून घ्या.

भाडं, सोसायटीचा मेंटेनन्स अशा बिनघाईच्या पैशांना एनईएफटी उत्तम. बचत खात्यातून ऑनलाइन केलं तर शुल्कही नाही.

आणि हो, फ्लॅटची किंमत पन्नास लाख किंवा जास्त असेल तर एक टक्का टीडीएस कापून उरलेलेच पाठवायचे. साडेसात लाखांचा आकडा तो धरून काढलाय ना, ते आधी बघा.