ब्रॉडकास्टनंतरची खरेदी मोजायची कशी?

प्रश्न: दादरला आमचं फराळ आणि सुक्या मेव्याचं दुकान आहे. दिवाळीआधी १०,००० गिऱ्हाइकांना ऑफरचा एसएमएस पाठवला. एजन्सीच्या रिपोर्टमध्ये ९८% डिलिव्हरी, १,३१० क्लिक, शून्य ऑप्ट-आउट आणि ३६० खरेद्या दिसतात. शेठ विचारतात, यातले मेसेजमुळे किती आले? काय सांगू?

उत्तर: ३६० तर सांगूच नका. आधी एजन्सीला विचारा की हा आकडा काढला कसा. बहुतेक वेळा हिशोब असा असतो: ज्या नंबरांवर मेसेज गेला, त्यातल्या ज्यांनी पुढच्या सात दिवसांत काहीही घेतलं, ते सगळे मेसेजच्या खात्यात जमा. दिवाळीच्या आठवड्यात दरवर्षी न चुकता चकलीची ऑर्डर देणाऱ्या काकूही त्यात आल्या. मेसेज गेला नसता तरी त्या आल्याच असत्या.

उलट फक्त लिंकवरून आलेल्या ऑर्डरी धरल्या तर दुसऱ्या बाजूने फसता. तुमचं गिऱ्हाईक लोकलमध्ये मेसेज वाचतं, लिंकला हातही लावत नाही आणि संध्याकाळी दादरला उतरून काउंटरवर येतं. ही खरेदी मेसेजमुळेच झाली, पण क्लिकच्या रिपोर्टमध्ये तिचा पत्ता नाही.

मी हे रिपोर्ट रोज बनवतो. माझ्या मते या प्रश्नाचं भरवशाचं उत्तर एकाच मार्गाने मिळतं: यादीतल्या काही लोकांना मुद्दाम मेसेज पाठवायचा नाही. पुढच्या वेळी मोबाइल नंबरचा शेवटचा आकडा ७ असलेले सगळे बाजूला ठेवा, म्हणजे यादीचा साधारण दहावा हिस्सा राखीव राहील. हाताने निवडू नका. हाताने निवडताना आपण नकळत जुनी, न येणारी गिऱ्हाइकं बाजूला काढतो आणि मग मेसेजचा परिणाम फुगलेला दिसतो.

समजा ९,००० लोकांना मेसेज गेला आणि १,००० राखीव राहिले. सात दिवसांनी बिलिंगमधून ऑनलाइन आणि काउंटर अशी दोन्हीकडची बिलं काढा आणि मोबाइल नंबरावरून दोन्ही गटांशी जुळवा. नंबर कुठे +91 लावून, कुठे आधी 0 लावून, कुठे मध्ये जागा सोडून लिहिलेले असतात. म्हणून जुळवण्याआधी दोन्ही याद्यांवर हे चालवा:

```
=RIGHT(SUBSTITUTE(A2," ",""),10)
```

आता धरून चाला की मेसेज गेलेल्यांपैकी ३२४ जणांनी घेतलं, म्हणजे ३.६%. राखीव गटातल्या २७ जणांनी घेतलं, म्हणजे २.७%. फरक ०.९ टक्क्यांचा. ९,००० चे ०.९ टक्के म्हणजे ८१. मेसेजने आणलेली गिऱ्हाइकं म्हणून हा आकडा सांगायचा. परत आलेल्या कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डरी दोन्हीकडून आधीच वजा करा.

इथे दोन गोष्टी नीट बघा. पहिली, भागताना ९,००० नेच भागा, 'डिलिव्हर झाले' त्या संख्येने नाही. राखीव गटातही बंद पडलेले नंबर आहेतच, ते आपण काढलेले नाहीत. एका बाजूने गाळायचं आणि दुसऱ्या बाजूने नाही, असं केलं की तुलना बिघडते.

दुसरी गोष्ट शेठना आवडणार नाही. २७ हा लहान आकडा आहे. त्याचं वर्गमूळ सुमारे ५, त्याची दुप्पट १०. म्हणजे निव्वळ योगायोगाने तिथे १७ही आले असते किंवा ३७ही. ३७ आले असते तर राखीव गटाचे ३.७% झाले असते आणि मेसेजचा उपयोग शून्य दिसला असता. तेव्हा एका मोहिमेवरून '८१ आले' असं छातीठोक सांगता येत नाही. अशा चार मोहिमा एकत्र करा, दर वेळी वेगळा शेवटचा आकडा राखीव ठेवून. समजा राखीव गटातून ४,००० पैकी १०८ खरेद्या आल्या. १०८ चं वर्गमूळ सुमारे १०.४, म्हणून चढउतार ८७ ते १२९ मध्ये, म्हणजे २.२ ते ३.२ टक्क्यांत राहतो. मेसेज गेलेल्यांचे ३.६% टिकले असतील तर आता फरक खरा मानायला हरकत नाही.

बाकीच्या आकड्यांबद्दल. ९८% डिलिव्हरीवर माझा विश्वास बसत नाही. गेटवेने मेसेज स्वीकारला की काही पॅनेल 'सक्सेस' दाखवतात. तुम्ही नंबरवार फाइल मागा आणि त्यात DELIVRD किती, UNDELIV आणि EXPIRED किती ते मोजा. EXPIRED उशिरा येतं, कारण फोन बंद असेल तर ऑपरेटर काही काळ प्रयत्न करत राहतो. त्यामुळे त्याच संध्याकाळी काढलेला रिपोर्ट अर्धवट असतो. आणि मेसेज देवनागरीत असेल तर एका एसएमएसमध्ये ७० अक्षरचिन्हं मावतात (काना, मात्राही वेगळे मोजले जातात), त्याहून लांब असेल तर ६७-६७ चे तुकडे पडतात. रिपोर्टमधली संख्या माणसांची आहे की तुकड्यांची, हे विचारून घ्या.

'शून्य ऑप्ट-आउट' म्हणजे कोणी कंटाळलं नाही, असं समजू नका. आपल्याकडे वैतागलेला माणूस १९०९ वर डीएनडी लावतो. ते तुमच्या पॅनेलवर ऑप्ट-आउट म्हणून येत नाही. पुढच्या वेळी प्रमोशनल मेसेज त्याच्याकडे पोचतच नाही, आणि नापासांच्या यादीत एक नंबर वाढतो. म्हणून मागच्या वेळी पोचलेले आणि या वेळी न पोचलेले नंबर वेगळे काढून बघा. त्यात बंद पडलेले नंबरही असतील, पण संख्या अचानक वाढली तर त्याचं कारण बहुधा कंटाळा.

पुढे व्हॉट्सअ‍ॅपवर गेलात तर अधिकृत एपीआयमध्ये हे थोडं स्पष्ट दिसतं: 131050 हा एरर कोड म्हणजे त्या माणसाने तुमचे मार्केटिंग मेसेज थांबवले आहेत, आणि 131049 म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपनेच तो मेसेज अडवला, माणसाने नकार दिलेला नाही. दोन्ही एका रकान्यात घालू नका. शिवाय आलेली उत्तरं एकदा डोळ्यांखालून घाला. सिस्टीम बहुतेक STOP एवढंच ओळखते. 'नको', 'बंद करा', 'परत पाठवू नका' ही उत्तरं 'रिप्लाय' म्हणून, म्हणजे चांगल्या प्रतिसादात मोजलेली मी पाहिली आहेत.

क्लिकचा आकडा मी शेठपर्यंत नेणारच नाही. प्रत्येकाला वेगळी लिंक असेल तरी कोणी ती सोसायटीच्या ग्रुपवर टाकली की एकाच लिंकवर चाळीस क्लिक पडतात. मेसेज पोचल्याच्या एक-दोन सेकंदांत आलेले क्लिक तर बहुतेक प्रिव्ह्यू काढणाऱ्या यंत्रांचे असतात. ते गाळून आणि एका लिंकला एकदाच मोजून उरेल तो आकडा दोन मजकुरांची तुलना करायला पुरेसा आहे, विक्रीला लावू नका.

झालेल्या मोहिमेचं मात्र आता काही करता येणार नाही, कारण राखीव गटच नव्हता. शेठना सांगा की ३६० जणांनी मेसेजनंतर खरेदी केली, त्यातले मेसेजमुळे किती हे या रिपोर्टवरून निघत नाही, आणि पाडव्याच्या ऑफरला एक हजार नंबर बाजूला ठेवायची परवानगी आत्ताच मागून घ्या.