उच्च शिक्षणासाठी नोकरी सोडताना: राजीनाम्याच्या मेलबद्दल

प्रिय मित्रा,

तुझा मसुदा वाचला. सुरुवात 'राजीनामा देण्याचा विचार करत आहे' अशी आहे, ती आधी बदल. विचार कळवल्याने राजीनामा होत नाही. एचआर उत्तरात 'एकदा बोलू या' म्हणेल आणि तुझा नोटीस पिरियड सुरूच होणार नाही. 'व्हिसा मिळाल्यास' हे शब्दही काढ, कारण अट घातलेला राजीनामा कुणी नोंदवून घेत नाही. व्हिसाची मुलाखत बाकी असेल तर मॅनेजरला तोंडी कल्पना दे आणि मेल थांबव. एकदा स्वीकारलेला राजीनामा मागे घेणं बहुधा कंपनीच्या मर्जीवर असतं, तुझ्या नाही.

तारीख उलटी मोजत ये. अमेरिकेतला तुझा वर्ग २४ ऑगस्टला सुरू होतोय. एफ-१ व्हिसावर अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३० दिवस आधीपासूनच तिथे प्रवेश मिळतो. घर शोधणं आणि ओरिएंटेशन धरून १० ऑगस्टला पोहोचायचं असेल, तर ३१ जुलै हा शेवटचा दिवस ठीक राहील. तुझी नोटीस ६० दिवसांची आहे. १ जूनला मेल गेला आणि मोजणी दुसऱ्या दिवसापासून धरली, तर जूनचे २९ आणि जुलैचे ३१ असे बरोबर ६० दिवस भरतात. काही कंपन्या मेलचा दिवसही मोजतात, काही पोर्टलवर अर्ज भरल्याची तारीख धरतात. म्हणून मेल आणि पोर्टलवरचा अर्ज एकाच दिवशी कर. नोटीसमध्ये रजा घेतली तर तेवढे दिवस पुढे ढकलायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, तेव्हा खरेदी आणि गावाकडची फेरी १ जूनच्या आधी उरकून घे.

आता मजकूर. कार्यालयात तो इंग्रजीत जाईल, पण गाभा असा ठेव:

'मी सॉफ्टवेअर इंजिनिअर या पदाचा राजीनामा देत आहे. ६० दिवसांच्या नोटीसनुसार ३१ जुलै हा माझा कामाचा शेवटचा दिवस असेल. ऑगस्टपासून मी संगणकशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण सुरू करत आहे. पेमेंट मॉड्यूलचं डिझाइन तुम्ही माझ्यावर सोपवलंत आणि प्रत्येक रिव्ह्यूला वेळ दिलात, याबद्दल मनापासून आभार. हस्तांतराचा आराखडा ५ जूनपर्यंत पाठवतो. माझ्या जागी कोण येणार हे १९ जूनपर्यंत ठरलं, तर जुलैचे शेवटचे दोन आठवडे काम त्यांच्या हाती देऊन मी केवळ मदतीला राहीन.'

कारणाला एक वाक्य पुरे. विद्यापीठाचं नाव, फी, कर्ज यांची या मेलमध्ये गरज नाही. आभारात मात्र एक नेमकी गोष्ट असू दे. 'खूप शिकायला मिळालं' हे वाक्य कुणीही लिहितं. पुढे शिफारसपत्र मागशील तेव्हा मॅनेजरला तेच डिझाइन आठवायला हवं. मेल मॅनेजरला, सीसीमध्ये एचआर. संपूर्ण टीमला निरोपाचा मेल शेवटच्या आठवड्यात वेगळा पाठव.

हस्तांतरात सर्वांत जास्त घोटाळा कुठे होतो, तर तुझ्या नावावर चालणाऱ्या गोष्टींत. रात्री ठरल्या वेळी आपोआप चालणारा क्रॉन जॉब तुझ्या खात्यावरून चालतो, डिप्लॉयमेंटचं टोकन तू काढलेलं आहे, अलर्ट फक्त तुझ्या इनबॉक्समध्ये येतात. ३१ जुलैला खातं बंद होतं आणि १ ऑगस्टला बिलिंगचा रिपोर्ट तयार होत नाही. कोड कुणीच बदललेला नसल्यामुळे कारण शोधण्यात दिवस जातो. म्हणून अशा गोष्टींची यादी आधी कर आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत त्या कुणा एका व्यक्तीच्या नावावर नसलेल्या सर्व्हिस अकाउंटवर हलव. मग अ‍ॅडमिनला सांगून जुलैच्या मध्यात एक दिवस तुझा सिस्टिमचा ॲक्सेस तात्पुरता बंद करायला लाव. जे मोडेल ते तू तिथे असतानाच मोडेल. काम समजावून देण्याच्या केटी सेशनमध्ये तूच बोलत राहिलास तर समोरचा मान डोलावतो. एक रिलीज त्याच्याकडून करवून घे, तू फक्त बघ. तो जिथे अडेल तेवढंच दस्तऐवजात भर.

'गेल्यावरही कधीही मदत करेन' हे मसुद्यातलं वाक्य मात्र काढ. विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय काम करता येत नाही, आणि कंपनीच्या सिस्टिमचा ॲक्सेसही तुझ्याकडे नसेल. 'दोन आठवडे हस्तांतराच्या दस्तऐवजाबद्दलच्या शंकांना मेलवर उत्तर देईन' एवढं लिही.

मेलच्या तळाशी वैयक्तिक ईमेल आणि फोन नंबर दे. ऑफिसचा मेल बंद झाल्यावर रिलीव्हिंग लेटर, अनुभवपत्र आणि पुढच्या जूनमधलं पगारावरच्या टीडीएसचं प्रमाणपत्र तिथेच यायचं आहे. पीएफच्या ऑनलाइन कामाचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो, त्यामुळे ते सिम परदेशातही चालू राहील याची सोय जुलैतच करून ठेव. सुधारलेला मसुदा पाठव, १ जूनच्या आधी पुन्हा पाहतो.

तुझा,
एक ज्येष्ठ सहकारी