हँडओव्हर नोटमध्ये नेमकं काय लिहायचं?

*मी नवी मुंबईत एका छोट्या फर्ममध्ये अकाउंट्स बघते. या महिन्याच्या ३० तारखेला माझा शेवटचा दिवस. साहेब म्हणाले, "नवीन मुलासाठी एक हँडओव्हर नोट करून ठेव." कामं, फोन नंबर, पेंडिंग आणि अडचणी एवढे चार मथळे लिहिले आणि तिथेच अडकले. त्यांखाली काय लिहू?*

मथळे बरोबर आहेत. मी रबाळे एमआयडीसीतल्या एका भागीदारी फर्ममधून निघाले तेव्हा माझेही हेच चार होते. त्याआधी दुसऱ्या कुणाची तरी नोट हातात धरून मी तिथेच पोळले होते, म्हणून सांगते.

माझ्या आधी तिथे एक काका होते. माणूस अतिशय चोख. त्यांच्या नोटमध्ये पहिलीच ओळ होती, "टीडीएस ७ तारखेपर्यंत भरणे." मी ७ तारखेला दुपारी चार वाजता चलन तयार केलं, बँकेच्या साइटवर चढवलं आणि निश्चिंत झाले. काकांनी एक गोष्ट लिहिली नव्हती, कारण त्यांच्या अंगवळणीच पडलेली होती: मी फक्त चढवायचं, मंजुरी मोठ्या शेठच्या मोबाइलवरून होते. शेठ त्या दिवशी गावाला, फोन बंद. पैसे ८ तारखेला गेले. टीडीएस होता १८,४०० रुपये. उशीर एक दिवसाचा, पण कापून घेतलेल्या टीडीएसचं व्याज कापल्याच्या महिन्यापासून धरतात, दरमहा दीड टक्का, आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना. म्हणजे कापला तो महिना आणि भरला तो महिना, असे दोन महिने. ५५२ रुपये. रक्कम फार नव्हती, पण पहिल्याच महिन्यात जे ऐकून घ्यावं लागलं ते मोठं होतं.

म्हणून कामांच्या यादीत नुसती तारीख लिहू नका. काम कधी सुरू करायचं आणि मध्ये कुणाचा हात लागतो, हेही लिहा. माझ्या नोटमध्ये ती ओळ अशी झाली: "टीडीएस: शेवटची तारीख ७. चलन ४ ला तयार करणे, त्याच दिवशी शेठना व्हॉट्सअ‍ॅपवर रक्कम कळवणे, ५ ला मंजुरी आली का बघणे. मार्चचा टीडीएस मात्र ३० एप्रिलपर्यंत चालतो." जीएसटीआर-१ ची ११, पीएफ-ईएसआयची १५, ३बी ची २० तारीख नवीन मुलाला माहीत असेलच. ३बी भरताना ओटीपी धाकट्या शेठच्या नंबरवर जातो आणि ते दुपारी दोन ते चार फोन उचलत नाहीत, हे त्याला कोण सांगणार?

ओटीपीवरून आठवलं. जीएसटी, पीएफ, ई-वे बिल, बँक, वीजबिल, या प्रत्येक ठिकाणी कुणाचा मोबाइल आणि मेल जोडलेला आहे याचा एक छोटा तक्ता करा. कुठे तुमचा स्वतःचा नंबर असेल तर तो जायच्या आधी बदलून घ्या. शेवटच्या दिवसावर ठेवू नका, कारण बदलाची मंजुरी लगेच येईलच असं नाही. पासवर्ड नोटमध्ये लिहायचे नाहीत. ते साहेबांच्या हातात वेगळे द्या आणि शेवटच्या दिवशी त्यांच्यासमोर बदलून टाका. त्यात तुमचाही बचाव आहे.

संपर्कांवर फार वेळ घालवू नका. नंबर फोनमध्ये असतातच. नावापुढे "कशासाठी" एवढं लिहा. आमच्या सीएंच्या ऑफिसात रोजची कामं शिकाऊ मुलं बघायची आणि ती बदलत राहायची, म्हणून मी नाव न लिहिता ऑफिसचा लँडलाइन लिहिला होता.

खरा वेळ द्या पेंडिंगला. लोक तिथे "प्लेटिंगवाल्याकडे ३० नग येणे बाकी" असं लिहितात आणि मोकळे होतात. वाचणाऱ्याला त्यातून कळतं काय? आमचं खरंच असं प्रकरण होतं, मी ते असं लिहिलं:

"तुर्भ्याच्या प्लेटिंगवाल्याकडे १२ ऑगस्टच्या डिलिव्हरी चलनाने २४० ब्रॅकेट गेले. २१० आले. उरलेल्या ३० वर प्लेटिंग सोलत होतं म्हणून ते पुन्हा नव्याने करायला सांगितलंय. त्याचं म्हणणं, आमच्या मालाला तेल होतं. सध्या थांबलंय आपल्याकडे: क्वालिटीच्या माणसाने जाऊन बघायचं ठरलंय. तो गेला नाही तर दर सोमवारी आठवण करणे. माल पुढच्या ११ ऑगस्टच्या आत आला पाहिजे."

शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. जॉबवर्कला पाठवलेला माल वर्षात परत आला नाही, तर जीएसटीत तो पाठवल्याच्या दिवशीच विकला असं धरतात आणि कर व्याजासकट भरावा लागतो. ३० ब्रॅकेटसाठी कोणी झोप उडवत नाही, पण अशी दहा चलनं साठली की ऑडिटला सापडतात, आणि तेव्हा तुम्ही तिथे नसता. तर प्रत्येक पेंडिंगला चार गोष्टी: आजवर काय झालं, आता कोणाकडे अडलंय, पुढची हालचाल कोणती आणि कधीपर्यंत. यातलं "कोणाकडे अडलंय" लिहायला लोक कचरतात, कारण उत्तर कधीकधी साहेबच असतात. तरी लिहा, फक्त तक्रारीच्या सुरात नको. "शेठच्या सहीसाठी ३ तारखेपासून ट्रेमध्ये" यात कोणाला राग येण्यासारखं काही नाही.

अडचणींच्या मथळ्याखाली माणसांचे स्वभाव लिहू नका. खड्डा कुठे आहे आणि त्यात पडलोय हे कशावरून कळतं, ते लिहा. आमच्या एका गिऱ्हाइकाची टॅलीत दोन लेजर होती, एक ठाण्याचं आणि एक वापीचं. नाव तेच, जीएसटी नंबर वेगळे. घाईत चुकीचं निवडलं जायचं. त्यांना क्रेडिट दिसायचं नाही आणि ते काही न बोलता पैसे कापायचे. म्हणून मी लिहिलं, "यांचं पेमेंट बरोबर जीएसटीएवढं कमी आलं तर भांडू नये, आधी बिलावरचा जीएसटी नंबर बघावा आणि पुढच्या जीएसटीआर-१ मध्ये दुरुस्ती टाकावी." दुसरा खड्डा पगाराचा: प्रोफेशनल टॅक्स दरमहा २००, पण फेब्रुवारीत ३००, आणि महिलांना २५,००० पर्यंत माफ. पगाराच्या जुन्या एक्सेलमध्ये हे दोन्ही हाताने बदलावं लागायचं.

नोट लिहून झाली की नवीन मुलाला शेजारी बसवून तिच्यावरून एक काम करायला लावा, तुम्ही तोंड उघडायचं नाही. तो जिथे थांबेल तिथे एक ओळ कमी आहे. माझ्या वेळी मुलगा पहिल्या पाच मिनिटांतच थांबला होता: टॅलीचा बॅकअप कुठल्या पेन ड्राइव्हवर घ्यायचा आणि तो कुठल्या खणात असतो, हेच मी लिहिलं नव्हतं.

आणि पेन ड्राइव्ह, कपाटाची किल्ली, चेकबुक, रबरी शिक्के यांची यादी शेवटच्या पानावर करून त्यावर त्याची आणि साहेबांची सही-तारीख घ्या. त्या एका पानाची झेरॉक्स तुमच्याकडे राहू द्या.