सडपातळ उंच माणसाने शर्ट मोठ्या मापाचा घ्यावा का?

"उंची सहा फूट दोन इंच, छाती ३६. मापाचा शर्ट आखूड होतो आणि मोठा घेतला तर तंबू वाटतो. पँटही घोट्याच्या वर राहते. काय करू?"

मोठं माप घेऊ नका. मीही तुमच्याच अंगकाठीचा आहे, आणि कित्येक वर्षं ही चूक केली. माप वाढलं की लांबीबरोबर घेरही वाढतो आणि खांद्याची शिवण दंडावर उतरते. मग सैल कापडात आतलं बारीक अंग आणखीच बारीक दिसतं. अगदी घट्ट शर्टही नको, त्यात प्रत्येक हाड दिसतं.

आधी खांदा पाहा. शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायला हवी, कारण शिंप्याला खांदा दुरुस्त करणं सर्वांत कठीण जातं. छाती ३६ असेल तर शर्टाचा पूर्ण घेर ४० ते ४१ इंच पुरे. तेवढ्या मापात लांबी कमी पडली तर उंचांसाठी वेगळी लांबी देणारे शर्ट शोधा, नाहीतर शिवून घ्या. मी शेवटी शिवूनच घेतले: घेर तोच, लांबी आणि बाही दोन-दोन इंच जास्त. बाही मनगटाच्या हाडापर्यंत हवी. बाहेर सोडायचा शर्ट मागच्या खिशाच्या साधारण मध्यापर्यंत यावा. दोन्ही हात वर केल्यावर पोट उघडं पडलं तर तो आखूड आहे, आरशासमोर उभं राहून हे कळत नाही. सुती शर्ट धुतल्यावर आटतो, तेव्हा लांबी थोडी हातची राखून घ्या.

पँटमध्ये कंबर फार खाली बसली की धड लांबट आणि पाय काटकुळे दिसतात. बेंबीच्या थोडं खाली बसणारी, सरळ किंवा किंचित निमुळती घ्या. मोहरी बुटावर हलकीशी टेकली पाहिजे. खाली दीड इंचाची बाहेरची दुमड घातली तर पायांच्या लांब रेषेला आडवा छेद मिळतो, आणि तो आपल्याला उपयोगीच पडतो.

थरांचं गणितही तेच आहे. टी-शर्टवर जाड विणीचा किंवा कॉर्डरॉयचा उघडा शर्ट घाला. कापडाच्या जाडीने छाती-खांद्यांना भरीवपणा येतो आणि शर्ट स्वतः सैल असावा लागत नाही. वरचा थर कमरेवर संपणारा नको, नितंब निम्मे झाकणारा हवा. वर-खाली एकच रंग घातला की उभी रेषा सलग होते, म्हणून वरचा आणि खालचा रंग वेगळा ठेवा. तीन थरांपलीकडे मात्र जाऊ नका, काखेत कापड गोळा होतं आणि हात उचलताना सगळंच वर सरकतं.

तयार पँट घेताना मोहरी उलटून पाहा. आत दोन इंच कापड दुमडलेलं असेल तर ती उसवून लांब करता येते. उसवल्यावर जुन्या घडीची रेघ राहते, गडद जीन्सवर तर ती सहसा जात नाही. त्यामुळे जीन्स पहिल्यांदाच पूर्ण लांबीची घ्या.