पुशओव्हरमध्ये 2.2 पट बेस शिअर आला म्हणजे R = 5 धरणं बरोबर ठरतं का?

"आठ मजली आरसीसी बिल्डिंगचं पुशओव्हर केलं. कपॅसिटी कर्व्हचा माथा डिझाईन बेस शिअरच्या 2.2 पट आला. म्हणजे R = 5 धरला ते बरोबर ना? आणि कर्व्हवरून डक्टिलिटी कशी काढायची?"

नाही. R म्हणजे लवचिक धक्का ज्या आकड्याने भागून आपण डिझाईन करतो तो, आणि 2.2 हा त्यातला फक्त ओव्हरस्ट्रेंग्थचा, म्हणजे डिझाईनपेक्षा जास्तीच्या ताकदीचा वाटा झाला. उरलेला 5 ÷ 2.2, म्हणजे सुमारे 2.3, डक्टिलिटीतून यायला हवा, आणि तो माथ्याच्या उंचीत दिसत नाही. माथ्यानंतर कर्व्ह किती लांब टिकतो, त्यात दिसतो.

```
R = Ω × Rμ
Ω = Vmax / Vd
Rμ ≈ μ = Δu / Δy
```

Vd म्हणजे डिझाईन बेस शिअर, Vmax म्हणजे कर्व्हचा माथा, Δy म्हणजे यील्डला आणि Δu म्हणजे शेवटी गच्चीचं सरकणं. तिसरी ओळ लांब पिरियडच्या इमारतींना चालते. अगदी ठेंगण्या, ताठ इमारतीत Rμ हा μ पेक्षा कमी भरतो.

तुमचा प्रश्न वाचून हात थांबला, कारण नेमक्या याच 2.2 वरून माझं माझ्या तेव्हाच्या सरांशी वाजलं होतं. गोरेगावची एक सोसायटी, तळाला स्टिल्ट पार्किंग, वर सात मजले, उंची 24 मीटर, त्या दिशेची रुंदी 16 मीटर. डिझाईन 2002 च्या आयएस 1893 प्रमाणे, कागदावर एसएमआरएफ, म्हणजे खास डक्टाईल फ्रेम, R = 5. भिंती धरून पिरियड 0.09h/√d ने 0.54 सेकंद येतो, म्हणून Sa/g = 2.5. मुंबई झोन III, Z = 0.16. इमारतीचं वजन साधारण 20,000 किलोन्यूटन. म्हणजे इमारत लवचिकच राहिली असती तर 4000 किलोन्यूटनचा धक्का आला असता, आणि डिझाईन झालं त्याच्या पाचव्या भागाला, 800 ला.

पहिलं मॉडेल मीच केलं. भिंतींचं फक्त वजन धरलं, सॉफ्टवेअरचे तयार फ्लेक्शर हिंज लावले आणि ढकललं. 1760 ला माथा, 50 मिमीला यील्ड, 150 मिमीपर्यंत सपाट रेघ. Ω = 2.2, μ = 3, गुणाकार 6.6. सर खूश. "पाच हवे होते, साडेसहा मिळाले, रिपोर्ट पाठव."

पाठवण्याआधी मी पार्किंगमध्ये जाऊन आलो. लिफ्टजवळच्या एका कॉलमचं कव्हर गाडी घासून निघालं होतं आणि आतली रिंग दिसत होती. 8 मिमीची रिंग, टोक 90 अंशात वळवून तसंच सोडलेलं. टेप लावला: 230, 240, 230. ड्रॉइंगमध्ये कॉलमच्या टोकांना 100 लिहिलं होतं आणि हुक 135 अंशाचा. मॉडेलमधल्या हिंजला मात्र मी "रिंगा व्यवस्थित आहेत" असंच सांगितलं होतं. ती 150 मिमीची सपाट रेघ त्या एका गृहीतकावर उभी होती.

परत येऊन हाताने हिशेब केला. कॉलम 230 × 600, एम20. दोन्ही टोकांना हिंज व्हायचे तर प्रत्येक टोकाला सुमारे 250 किलोन्यूटन-मीटर मोमेंट, मोकळी उंची 2.6 मीटर. म्हणजे कॉलममध्ये शिअर 2 × 250 ÷ 2.6, सुमारे 192 किलोन्यूटन. त्या रिंगांसकट, दाबाचा फायदा न धरता, शिअरची ताकद भरते 160 च्या आसपास. कॉलम वाकून हिंज होण्याआधीच शिअरमध्ये तिरका चिरणार. तयार फ्लेक्शर हिंजला हे कळतच नाही. शिअर हिंज वेगळा द्यावा लागतो, आणि नाही दिला तरी सॉफ्टवेअर कसलीही तक्रार न करता सुंदर कर्व्ह काढून देतं.

दुसऱ्या मॉडेलमध्ये शिअर हिंज घातले, वरच्या मजल्यांच्या भिंती तिरक्या स्ट्रट म्हणून घातल्या, आधी ग्रॅव्हिटी नॉनलिनियर केसमध्ये चढवली, पी-डेल्टा चालू ठेवला. माथा 1600, म्हणजे Ω = 2. फारसा फरक नाही, आणि सर तेवढंच बघत राहिले. पण यील्ड 30 मिमीला आणि 42 मिमीला कर्व्ह कोसळला. μ = 1.4, R = 2.8. ज्या इमारतीवर 5 लिहिलं होतं तिचा खरा R तीनसुद्धा नाही.

का, ते मजल्यांचं सरकणं छापलं की लगेच दिसतं. गच्ची 30 मिमी सरकली तेव्हा पहिला स्लॅब 22 मिमी सरकलेला होता. वरचे सातही मजले भिंतींमुळे एका पेटीसारखे अखंड चालले होते, सगळी मोडतोड तीन मीटरच्या स्टिल्टमध्ये. 2001 च्या भुज भूकंपात, केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादमध्ये अशाच स्टिल्टवाल्या इमारती बसल्या. अहमदाबादही तेव्हा झोन III मध्येच. 2002 च्या कोडमध्ये म्हणूनच अशा मजल्याचे कॉलम-बीम 2.5 पट शिअरला डिझाईन करा असं स्पष्ट लिहिलं होतं. इथे ते केलेलं नव्हतं.

सर म्हणाले, "R टेबलातून उचलायचा असतो, सिद्ध करायचा नसतो." माझं मत आजही तेच: टेबलातला 5 ही इमारतीला आपोआप मिळालेली ताकद नाही. आयएस 13920 या डक्टाईल डिटेलिंगच्या कोडप्रमाणे रिंगा साईटवर प्रत्यक्ष पडतील, या अटीवर धक्का पाचाने भागायला दिलेली ती परवानगी आहे. ओव्हरस्ट्रेंग्थ बहुतेक वेळा फुकट मिळते: 1.5 चा लोड फॅक्टर, मटेरियलचे फॅक्टर, गोल करून वाढवलेल्या सळया. डक्टिलिटी फुकट मिळत नाही. पहिल्या कर्व्हच्या रिपोर्टवर मी सही केली नाही, आणि पुढे तिथे फार दिवस राहिलोही नाही.

सरांचा एक मुद्दा मात्र खरा होता. मॉडेलचा स्वतःचा पिरियड 1.14 सेकंद येत होता. तो धरला तर लवचिक मागणी 4000 वरून सुमारे 1900 वर येते आणि गच्चीचं सरकणं 36 मिमीच्या आसपास. 42 च्या आत, म्हणजे डिझाईन भूकंपात इमारत काठावर तगते. पण 2002 चा कोड Z/2 वापरायचा, म्हणजे हा धक्का सर्वात मोठ्या धरलेल्या भूकंपाच्या निम्मा. तो पूर्ण आला तर 72 मिमी लागतात, आणि आपल्याकडे 42 आहेत.

तुमच्या मॉडेलबद्दल: Δu म्हणून कर्व्हचं शेवटचं टोक घेऊ नका, माथ्यापासून ताकद 20 टक्के उतरते तो बिंदू घ्या. Δy साठी कर्व्हखालचं क्षेत्रफळ सारखं ठेवून दोन सरळ रेघांत बसवा, नजरेने यील्ड ठरवू नका. पहिल्या मोडच्या आकाराचा लोड आठ मजल्यांना ठीक आहे, उंच टॉवरला वरचे मोड सुटतात. आणि स्टिल्ट असेल तर गच्चीवरून काढलेला μ फसवा असतो, तळमजल्याचा ड्रिफ्ट वेगळा काढा.

हे सगळं करण्याआधी साईटवर एका कॉलमच्या तळाचं कव्हर फोडून रिंगांचं अंतर मोजून घ्या. सोसायटीवाले कुरकुर करतील, दुसऱ्या दिवशी प्लास्टर करून द्या.