‘वाटत नाही गं तुझ्याकडे बघून!’

“ऑफिसात आम्ही सात-आठ जण एकत्र डबा खातो. व्हेज-नॉनव्हेजवरून रोज चेष्टा चालते. मलाही हसायला आवडतं, पण हल्ली माशांचा डबा उघडायची लाज वाटते. गंमत कुठे संपते आणि टोमणा कुठे सुरू होतो?”

समुपदेशक म्हणून हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की त्यातल्या एकीची हकिगत सांगते. तिची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ती वेंगुर्ल्याची, नोकरी पुण्यात. आई गावाहून आली की डब्यात बांगड्याचं तिखलं असायचं. गेले दोन महिने मात्र ती आईला सांगत होती, “मला बटाट्याची भाजीच दे.” आईला कारण कळेना. मी विचारलं, “कोण काय म्हणालं?” ती म्हणाली, “वाईट असं कुणीच काही बोललं नाही, मॅडम. म्हणून तर वेडेपणा वाटतो.”

मी तिला एका आठवड्याचं काम दिलं. जेवताना खाण्यावरून जे जे बोललं जाईल ते तसंच्या तसं वहीत लिहायचं, आणि तिला हसू आलं की पोटात गोळा आला एवढंच पुढे नोंदवायचं.

वही आली. “अगं, यात नारळ आहे की नारळात हे आहे?” याच्यापुढे हसू. “आज बुधवार, म्हणजे आमचं नाक सुट्टीवर!” याच्यापुढेही हसूच. पोटात गोळा आणणारी वाक्यं दोनच होती. एक, “तुम्ही लोक हे कसं खाता?” आणि दुसरं, एका मैत्रिणीनं अगदी कौतुकानं म्हटलेलं, “तू मासे खातेस? वाटत नाही गं तुझ्याकडे बघून!”

या दुसऱ्या वाक्यावर आम्ही पूर्ण तास घालवला. मासे खाणारी माणसं दिसतात तरी कशी? आपल्याकडे ‘काय खाता’ या प्रश्नामागे बरेचदा ‘कुठल्या घरातले’ हा प्रश्न दडलेला असतो. तिला ते शब्दांत सांगता येत नव्हतं, पण पोटाला कळलं होतं. नारळावरची चेष्टा पदार्थाची होती, म्हणून तिला उलटून उत्तर देता येत होतं. ‘वाटत नाही’ला उत्तर देणार काय? समोरचीनं तर तिला स्तुती म्हणून ते दिलं होतं.

मग मी विचारलं, “आणि तू काय बोललीस? ते वहीत दिसत नाही.” ती बराच वेळ गप्प राहिली. त्या टेबलावर एक माळकरी दादा बसतात. कांदा-लसूणही खात नाहीत. त्यांचा डबा उघडला की ही म्हणायची, “आला देवळातला प्रसाद!” आणि सगळे हसायचे. “मी आधी बोलते, म्हणजे माझ्याकडे कुणी वळत नाही,” ती हळूच म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या मते ती त्याच क्षणी मोकळी झाली. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीची आहे, म्हणजे माणसाला त्रास घटनेपेक्षा मनातल्या हट्टी अटींमुळे होतो या मताची. ‘सगळ्यांना माझं जेवण रुचलंच पाहिजे’ या अटीतून लाज जन्मते, असं मी मानते. त्या दिवशी मला उमगलं की लाज लपवायला माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बोट दाखवतो.

पुढचं काम साधं होतं. वासाचा त्रास आणि माणसाची किळस या दोन गोष्टी तिनं वेगळ्या केल्या. वास खरा असतो, न खाणाऱ्याला मळमळतंही. त्यात अपमान नाही. तिखलं शिळंच जास्त चांगलं लागतं, ते मायक्रोवेव्हमध्ये घालायची गरज नाही. टेबलाच्या टोकाला बसता येतं. वाढायचा चमचा वेगळा ठेवता येतो. मैत्रिणीला ती एकटीला गाठून म्हणाली, “वास सहन होत नसेल तर बिनधास्त सांग. पण ‘वाटत नाही’ म्हणू नकोस, मला ते लागतं.” मैत्रीण गोरीमोरी झाली, म्हणाली, “मला वाटलं मी चांगलंच बोलतेय.” बहुतेकदा असंच असतं. सांगूनही कुणी तेच चालू ठेवलं, तर ती गंमत उरत नाही, आणि तिथून उठून दुसरीकडे जेवायला बसण्यात कमीपणा नाही.

दादांची तिनं माफी मागितली. ते म्हणाले, “प्रसादाचं काही नाही गं, पण सगळे हसले की घास अडतो.” तुमच्या टेबलावरही हीच खूण बघा: ज्याच्यावर विनोद होतो तो उलटून बोलतो, की डबा लवकर मिटतो?

शेवटच्या भेटीत तिनं सांगितलं, आईनं दादांसाठी मुद्दाम बिनलसणाची सोलकढी बाटलीत भरून दिली होती. दादांनी ग्लास रिकामा केला आणि म्हणाले, “वेंगुर्ल्याची निम्मी बाजू तर आमचीच निघाली!” ती म्हणाली, “लसणाशिवाय ती आमची राहिलीच कुठे, दादा?” आणि तिनं तिखल्याचा डबा उघडला.