साखरेचं एक पोतं कुठे गेलं?

पोऱ्यावर संशय घेण्याआधी शेजारचा आयटम मोज. कोपरखैरण्यातल्या आमच्या दुकानात सिस्टिममध्ये साखरेची 50 किलोची पोती 4 होती, माळ्यावर 3. उलट एक किलोची पाकिटं सिस्टिमला 12, रॅकवर 60! म्हणजे पोतं फोडून पाकिटं भरली, पण एन्ट्री राहिली. पाकिटं 48च वाढली, मग 2 किलो कुठे? रिकामी पिशवी ठेवून काटा शून्यावर आणला आणि दहा पाकिटांतली साखर वजन केली. प्रत्येकात साधारण 20 ग्रॅम जास्त. तिथेच जवळपास किलोभर गेली. उरलेली सांडलवंड आणि पोत्याच्या तळाची. आता पोतं फोडलं की आधी एन्ट्री, मग सुतळी. आणि मोजणी दुकान उघडण्यापूर्वीच कर, गिऱ्हाईक चालू असताना आकडे जुळत नाहीत.